ॲपमध्ये खाते जोडलेले, स्पीकरला मात्र सापडेना

प्रश्न: साताऱ्यात राहतो. मुलगा पुण्याला असतो, त्याने इको डॉट घेऊन दिला आणि दिवाळीला आला तेव्हा घरच्या वायफायला लावून दिला. तो गेल्यावर मी माझ्या फोनवर अलेक्सा ॲप घेतले, माझ्या ॲमेझॉन खात्याने उघडले आणि माझे स्पॉटिफाय जोडले. ॲप म्हणते जोडले गेले. स्पीकर म्हणतो स्पॉटिफायचे खाते जोडलेलेच नाही. तीनदा काढून परत जोडून झाले. हवामान बरोबर सांगतो, ब्लूटूथने गाणीही वाजतात. बिघाड कुठे आहे?

उत्तर:

स्पॉटिफाय काढून परत जोडायचा उद्योग आधी थांबवा. तुमची जोडणी बहुतेक पहिल्याच वेळी नीट झाली होती. ज्या ॲमेझॉन खात्यावर ती झाली, त्या खात्यात हा स्पीकरच नाही, एवढीच अडचण आहे. तो तुमच्या मुलाच्या खात्यावर नोंदलेला आहे. घरात राहता तुम्ही, पण सातबारा मुलाच्या नावावर, तसा हा प्रकार.

तुम्ही गाणे मागता तेव्हा काय होते ते एकदा बघा, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाईल. तुमचा आवाज स्पीकरमधून इंटरनेटवरून ॲमेझॉनच्या सर्व्हरवर जातो. हा स्पीकर कोणत्या ॲमेझॉन खात्यावर नोंदलेला आहे हे तिथे पाहिले जाते, आणि मग त्या खात्याला स्पॉटिफायने परवानगी दिली आहे का हे तपासले जाते. परवानगी सापडली नाही तर स्पीकर सांगतो की खाते जोडलेले नाही. या सगळ्या वाटेत तुमचा फोन कुठेच येत नाही. तो शेजारी ठेवा, बंद करा किंवा घेऊन बाजारात जा, उत्तर तेच येणार. म्हणजे स्पीकर तुमच्याशी खोटे बोलत नाही. तो मुलाच्या खात्यात बघतो, तिथे खरेच स्पॉटिफाय नाही.

तुमच्या ॲपने ‘जोडले’ म्हटले तेही खरेच आहे. अलेक्सा ॲपमध्ये संगीत सेवा जोडायला घरात स्पीकर असावाच लागतो असे नाही. जोडणी दोन खात्यांमध्ये होते, ॲमेझॉन आणि स्पॉटिफाय. स्पीकर नंतर त्या खात्यात आला तर तिचा उपयोग, नाही आला तर ती नुसती पडून राहते. ॲपने इथे ‘तुमच्या खात्यात एकही स्पीकर नाही, तरी जोडायचे का’ असे विचारायला हवे होते असे मला नेहमी वाटते. ते विचारत नाही आणि माणसे पुन्हा पुन्हा तेच करत बसतात.

हवामान आणि ब्लूटूथ चालते यावरून तुम्हाला सगळे ठीक वाटले असणार. हवामान कोणत्याही खात्यावर सांगता येते, त्यामुळे त्यावरून इतकेच कळते की वायफाय आणि इंटरनेट चालू आहे. ती चांगली बातमी आहे, राउटरशी झटापट करण्याची गरज उरत नाही. ब्लूटूथने वाजवता तेव्हा गाणे तुमच्या फोनवरच चाललेले असते आणि स्पीकर फक्त आवाज बाहेर काढतो. त्याला स्पॉटिफायशी काही देणेघेणे नसते.

माझे म्हणणे खरे आहे का हे स्वतः पडताळून बघा. अलेक्सा ॲप उघडा आणि खाली `Devices` वर जा. तुमचा इको डॉट तिथे दिसतो का? मला खात्री आहे की दिसणार नाही, फार तर तुमचा फोन किंवा टीव्ही दिसेल. अजून पक्के करायचे असेल तर स्पीकरला एखादा वेगळाच प्रश्न विचारा, समजा ‘महाबळेश्वरची उंची किती’, आणि मग ॲपमध्ये `More` मधून `Activity` मध्ये जाऊन `Voice History` बघा. ॲपच्या आवृत्तीप्रमाणे हे पान थोडे इकडेतिकडे असते, पण असते. स्पीकर तुमच्या खात्यावर असेल तर तुमचा प्रश्न तिथे काही क्षणांत दिसतो. नाही दिसला तर तो प्रश्न मुलाच्या फोनवरच्या यादीत जाऊन बसला आहे. ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. साताऱ्याच्या हॉलमध्ये अलेक्साला उद्देशून बोललेले पुण्यात वाचता येते.

स्पीकर मुलाच्या नावावर कसा गेला? दोन वाटा आहेत. त्याने स्वतःच्या फोनवरून वायफायला लावून दिला असेल तर तेव्हाच त्याच्या खात्यावर नोंद झाली. आणि ॲमेझॉनवर इको विकत घेताना तो घेणाऱ्याच्या खात्याला आधीच जोडून पाठवण्याची सोय असते. भेट म्हणून घेतोय असे त्या वेळी सांगितले नाही तर डबा उघडण्यापूर्वीच तो घेणाऱ्याच्या नावावर असू शकतो. आईवडिलांसाठी मुलांनी मागवलेल्या स्पीकरमध्ये हे सर्रास आढळते.

आता करायचे काय. दोन मार्ग आहेत आणि मी पहिलाच घ्या म्हणेन.

पहिला मार्ग म्हणजे स्पीकर तुमच्या खात्यावर आणणे. त्यासाठी मुलाने साताऱ्याला यायची गरज नाही, पुण्यात बसून पाच मिनिटांचे काम आहे. त्याने आपल्या अलेक्सा ॲपमध्ये `Devices` मधून हा स्पीकर उघडायचा, वरच्या दातेरी चाकाच्या खुणेवर जायचे आणि खाली `Registered To` असे लिहिलेले असते तिथे `Deregister` दाबायचे. ॲमेझॉनच्या वेबसाइटवर `Manage Your Content and Devices` मध्ये `Devices` उघडूनही हेच करता येते.

इथे एक काळजी घ्या. मुलाच्या घरीही इको असेल तर यादीत सारख्याच नावाचे दोन स्पीकर दिसतील आणि घाईत पुण्याचाच काढला जाईल. फोनवर बोलत असतानाच तुम्ही साताऱ्यातल्या स्पीकरची पिन प्लगमधून काढा. थोड्या वेळाने त्याच्या यादीत ज्याच्यापुढे `Offline` दिसेल तो तुमचा. मग पिन परत लावा आणि तोच काढायला सांगा. स्पीकरच्या तळाशी अनुक्रमांक छापलेला असतो, तो ॲपमधल्या क्रमांकाशी जुळवला तरी चालेल, पण ती बारीक अक्षरे वाचायला भिंग लागते.

नोंद काढताना मुलाच्या खात्यातून या स्पीकरवर लावलेले गजर, आठवणी आणि ठरवून दिलेली कामे जातात. तुम्ही सकाळी साडेपाचचा गजर तोंडी लावला असेल तर तो नंतर पुन्हा लावावा लागेल. मुलाच्या खात्यावर जोडलेले दिवे किंवा प्लग असतील तर तेही या स्पीकरला ओळखू येणार नाहीत.

नोंद निघाली की स्पीकर नव्याने लावण्याच्या अवस्थेत जातो आणि त्याच्या दिव्याचे कडे नारिंगी फिरू लागते. तसे झाले नाही तर वरचे ठिपक्याची खूण असलेले बटण नारिंगी कडे दिसेपर्यंत दाबून धरा. माइकवर काट मारलेली खूण असलेले बटण वेगळे. ते दाबले की कडे लाल होते आणि स्पीकर ऐकणेच बंद करतो. ‘स्पीकर बिघडला, लाल झाला’ म्हणून येणाऱ्या फोनमध्ये हेच बटण दाबले गेलेले असते. परत एकदा दाबले की लाल जाते. ठिपक्याचे बटण साधारण २५ सेकंद दाबून ठेवले तर सगळे पुसले जाऊन स्पीकर कारखान्यातून आल्यासारखा होतो. मुलाने नोंद काढली असेल तर त्याची गरज पडू नये.

आता तुमचा फोन घ्या. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवा, वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून जवळ ठेवा. अलेक्सा ॲपमध्ये `Devices`, मग वरचे अधिकचे चिन्ह, मग `Add Device`, आणि पुढे `Amazon Echo` निवडा. ॲप जवळचा स्पीकर शोधते, वायफायचे नाव विचारते आणि पासवर्ड घेते. स्पीकर तयार असल्याचे बोलला की `Devices` मध्ये त्याचे नाव दिसले पाहिजे. ते दिसल्याशिवाय गाणे मागू नका.

स्पॉटिफाय इथे पुन्हा जोडावे लागत नाही. तुम्ही आधी केलेली जोडणी तुमच्या खात्यावर तशीच आहे, आता स्पीकर त्या खात्यात आला. लगेच म्हणून बघा, ‘अलेक्सा, प्ले मराठी सॉंग्ज ऑन स्पॉटिफाय’. हिंदीत बोलत असाल तर ‘स्पॉटिफाय पर’. हे ‘स्पॉटिफायवर’ म्हणणे पहिल्यांदा गाळू नका, कारण तुम्ही काही ठरवलेले नसेल तर अलेक्सा ॲमेझॉनच्याच संगीत सेवेकडे जाते. दर वेळी म्हणायचा कंटाळा येत असेल तर `More`, `Settings`, `Music & Podcasts` मध्ये जाऊन `Default Services` खाली स्पॉटिफाय निवडून ठेवा.

दुसरा मार्ग म्हणजे स्पीकर मुलाच्या नावावरच ठेवून त्याच्या ॲपमधून तुमचे स्पॉटिफाय जोडणे. चालते, पण त्याची किंमत आधी समजून घ्या. मग मुलाच्या खात्यातले सगळे इको तुमचेच स्पॉटिफाय वाजवतील. स्पॉटिफायचे एक खाते एका वेळी एकाच ठिकाणी गाणे वाजवू देते. तुम्ही सकाळी अभंग लावले आणि पुण्यात सूनबाईंनी स्वयंपाकघरात काही लावले की तुमचे मध्येच थांबणार. वायफाय कमजोर आहे असे वाटून माणसे अशा वेळी राउटर बदलतात. शिवाय तुम्ही बोललेले सगळे मुलाच्या यादीत जात राहील ते वेगळेच. मुलाच्या घरी इको नसेल आणि ॲप वगैरे सांभाळायचा तुम्हाला कंटाळा असेल, तरच हा मार्ग.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे संपते. पण स्पीकर तुमच्या नावावर आल्यानंतरही काहींचे अडते, आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी स्पॉटिफायच्या बाजूला असते. सांगलीत विश्रामबागेतल्या एका काकूंकडचे प्रकरण सांगतो, कारण त्यात लक्षण जरा फसवे होते.

त्यांच्या स्पीकरला खाते सापडत होते. गाणीही वाजत होती. पण मध्ये जाहिराती येत होत्या, आणि काकूंनी स्वतः तयार केलेली भजनांची यादी मागितली की स्पीकर म्हणायचा अशी यादी नाही. काकूंचा मुद्दा बिनतोड होता. ‘अहो, फोनवर तर वाजतंय की! जाहिरात नाही, काही नाही. पैसे भरलेत मुलीनं वर्षाचे.’

फोनवर एक आणि स्पीकरवर दुसरे म्हटल्यावर मी स्पॉटिफायची दोन खाती आहेत का ते आधी बघतो. स्पॉटिफायमध्ये मोबाइल नंबरने, गुगलने, फेसबुकने, ॲपलने किंवा साध्या ई-मेलने येता येते. त्यातल्या वेगवेगळ्या वाटांनी आत आलात तर एकाच माणसाची दोन किंवा तीन स्वतंत्र खाती तयार होतात, आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत. काकूंनी पूर्वी कधीतरी मोबाइल नंबर टाकून मोफत खाते उघडले होते. नंतर मुलीने त्यांच्या जीमेलने दुसरे उघडून त्यावर प्रीमियम घेतले, आणि फोनवरच्या ॲपमध्ये तेच चालू होते. स्पीकरला मात्र जुने, मोबाइल नंबरचे जोडले गेले होते.

हे ओळखायला सोपी परीक्षा आहे. फोनवरच्या स्पॉटिफाय ॲपमध्ये गाणे लावा आणि खालच्या बाजूची उपकरणांची खूण दाबा. तिथल्या यादीत तुमच्या इकोचे नाव दिसले आणि त्यावर दाबल्यावर गाणे स्पीकरवर गेले, तर फोनवरचे खाते आणि स्पीकरला जोडलेले खाते एकच आहे असे समजा. काकूंच्या यादीत इको नव्हता. मग फोनच्या ब्राउझरमध्ये हे पान उघडले:

```
spotify.com/account
```

इथे आत आलेल्या खात्याचा ई-मेल आणि त्यावर कोणता प्लॅन चालू आहे हे दिसते. ब्राउझरमध्ये मोफत प्लॅन, आणि ॲपमध्ये प्रीमियम. म्हणजे ब्राउझरने कधीचे जुने खाते धरून ठेवले होते. आणि सगळी गोम इथेच होती. अलेक्सा ॲपमध्ये `Link New Service` मधून स्पॉटिफाय निवडले की परवानगी मागणारे वेबपान उघडते. त्या पानाला तुमच्या स्पॉटिफाय ॲपमध्ये कोण आहे याच्याशी कर्तव्य नसते, वेबवर कोण आत आहे ते ते बघते. पानावर कुणाच्या नावाने आत आहात ते लिहिलेले असते आणि शेजारी `Not you?` असा दुवा असतो. बारीक अक्षरात. माणसाची नजर थेट मोठ्या हिरव्या `Agree` वर जाते आणि बोट त्यावर पडते. नाव वाचल्याशिवाय हे बटण दाबू नका, एवढे जरी पाळले तरी अशा निम्म्या तक्रारी येणार नाहीत.

नाव वाचायचे तर तिथे कधी कधी अक्षरे आणि आकड्यांचा अगम्य गुंता दिसतो. ते स्पॉटिफायने आपोआप दिलेले वापरकर्त्याचे नाव असते. वरच्या पानावर फोनवरच्याच खात्याने आत जाऊन त्याचे असे नाव आधीच लिहून ठेवले की जुळवता येते.

काकूंकडे दुरुस्ती अशी केली, आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी अलेक्सा ॲपमध्ये `Music & Podcasts` मधून स्पॉटिफाय उघडून `Disable Skill` केले. मग ब्राउझरमध्ये जुन्या खात्यात असतानाच `spotify.com/account/apps` वर जाऊन अलेक्सापुढचे `Remove Access` दाबले, म्हणजे स्पॉटिफायच्या बाजूनेही जुनी परवानगी मेली. एकाच बाजूने काढले तर दुसऱ्या बाजूची अर्धवट नोंद राहू शकते, म्हणून मी दोन्हीकडून काढतो. मग त्याच ब्राउझरमध्ये जुन्या खात्यातून बाहेर पडलो. हे विसरले तर परत जोडताना तेच खाते पुन्हा पुढे येते. मग अलेक्सा ॲप पूर्ण बंद करून उघडले आणि नव्याने जोडायला घेतले.

या वेळी एक अडथळा आला, तो तुम्हालाही येऊ शकतो. ‘गुगलने आत या’ हे बटण दाबल्यावर पान पुढे सरकेना. ॲपच्या पोटात उघडणाऱ्या पानांवर गुगल सुरक्षेसाठी प्रवेश नाकारते, त्यामुळे काही फोनवर असे होते. इलाज असा की स्पॉटिफायच्या त्या खात्याला स्वतःचा पासवर्ड द्यायचा. स्पॉटिफायच्या प्रवेशाच्या पानावर ‘पासवर्ड विसरलो’ निवडून काकूंचा जीमेल पत्ता टाकला, जीमेलवर आलेल्या दुव्यावरून नवा पासवर्ड ठेवला, आणि मग परवानगीच्या पानावर गुगलचे बटण न दाबता पत्ता व पासवर्ड टाकून आत गेलो. नाव बघितले, जुळले, `Agree`. गुगलने आत येणे नंतरही चालूच राहते, पासवर्ड ही फक्त दुसरी किल्ली.

जाहिराती त्याच क्षणी गेल्या. भजनांची यादी मात्र तरीही सापडेना, आणि इथे खात्याचा काही दोष नव्हता. काकूंनी यादीचे नाव देवनागरीत, चांगले लांबलचक ठेवले होते. भारतात अलेक्सा इंग्रजी आणि हिंदी बोलते, मराठी तिला येत नाही. ती ऐकलेले शब्द आपल्या भाषेत लिहून घेते आणि यादीच्या नावाशी जुळवायला जाते, तिथे गाडी अडकते. नाव बदलून `Morning Bhajan` ठेवले आणि पहिल्याच हाकेला लागले. ‘प्ले माय प्लेलिस्ट मॉर्निंग भजन ऑन स्पॉटिफाय’, असे पूर्ण म्हणायचे. ‘माय प्लेलिस्ट’ गाळले तर त्याच नावाची दुसऱ्या कुणाची तरी यादी लागते. यादीचे नाव दोन सोप्या इंग्रजी शब्दांचे ठेवणे हा तुम्हालाही माझा सल्ला आहे.

दोन खात्यांपैकी कोणते जोडायचे असा प्रश्न पडला तर ज्याच्यावर पैसे भरलेत ते. प्रीमियम आपोआप दुसऱ्या खात्यावर जात नाही. जुन्या खात्यात चांगल्या याद्या असतील तर त्यातली यादी दुव्याने स्वतःलाच पाठवा, नव्या खात्यात उघडा आणि तिथे जतन करा. आणि पैसे भरलेले खाते नसेलच, तर मोफत खात्यावर एखादे नेमके गाणे मागूनही त्याच्या जातकुळीतली दुसरी गाणी वाजतात. ती मोफत सेवेची मर्यादा आहे, जोडणीची चूक नव्हे. त्यापायी परत काढून जोडत बसू नका.

स्पॉटिफायचा पासवर्ड बदलल्यावर महिनोन्‌महिने चाललेला स्पीकर अचानक खाते नाही म्हणू लागतो, असेही होते. तिथे दोन्हीकडून काढून एकदा जोडणे पुरते. पण हे सगळे स्वतः किंवा घरच्या माणसाकडून करा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘हेल्पलाइन’ नंबरवर फोन करून अनोळखी माणसाला ओटीपी सांगायची किंवा फोनचा पडदा दाखवायची या कामात कधीच गरज पडत नाही. असा नंबर दिसला की सोडून द्या.

अमेरिकेतून कुणी आणलेला इको असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. तो तिकडच्या खात्यावर नोंदलेला असतो आणि त्या खात्याचा देश अमेरिका असतो. जोडायच्या संगीत सेवांची यादी खात्याच्या देशाप्रमाणे बदलते, त्यामुळे जिओसावनसारखी इथली सेवा तिथे दिसलीच नाही तर ॲप बिघडले असे समजू नका. स्पीकर इथल्या खात्यावर आणला की यादी इथली दिसते. देश कोणता लागला आहे ते `Manage Your Content and Devices` मध्ये `Preferences` खाली बघता येते.

तुमच्याकडे पुढेमागे गुगलचा नेस्ट स्पीकर आला तर तिथे हाच घोळ जरा वेगळ्या रूपात भेटतो. संगीत सेवा तिथे गुगल होम ॲपच्या `Settings` मध्ये `Music` खाली जोडतात आणि ती त्या वेळी ॲपमध्ये असलेल्या गुगल खात्यापुरतीच जोडली जाते. एकाच स्पीकरवर घरातली अनेक माणसे आपापली खाती जोडू शकतात, आणि बोलणारा कोण हे तो `Voice Match` मध्ये नोंदवलेल्या आवाजावरून ठरवतो. तुम्ही खाते जोडले पण आवाज नोंदवला नाही, तर तो तुम्हाला पाहुणा समजून ज्याने स्पीकर लावला त्याच्या खात्यावरून गाणे लावायला जातो. तिथे काही जोडलेले नसेल तर तुम्हाला नकार मिळतो. आवाज नोंदवूनही सर्दीत किंवा लांबून बोलल्यावर ओळख चुकू शकते. फोनवरच्या स्पॉटिफायमधून नेस्टवर गाणे पाठवले तर ते वाजते, कारण तिथे फोनवरचे खाते वापरले जाते. त्यामुळे ते वाजले म्हणजे आवाजाने मागितलेलेही वाजेल असे तिथे धरून चालू नका.